वृत्तपत्रीय आधार : उद्धरण व निर्देश

वृत्तपत्रातील बातमी किंवा एखाद्या संस्थेने प्रसृत केलेले प्रसिद्धिपत्रक लेखनात आधार म्हणून वापरणे व त्याचा उगम वाचकास पडताळता येईल अशा रीतीने नोंदविणे, यास वृत्तपत्रीय आधार देणे असे म्हणता येईल. बातमी मराठी व निबंध इंग्रजी असेल, तर उद्धरणाबरोबर भाषांतराचीही जबाबदारी लेखकावर येते. ठाणे जिल्ह्यासंबंधी इंग्रजीतून लिहिणाऱ्यास हा प्रसंग नेहमीच येतो. कारण तेथील नगरपालिका, गावठाणे व पाणीपुरवठा यांविषयीचा तपशील बव्हंशी मराठी पत्रांतच आढळतो.

कोणतीही बातमी प्रथमतः एवढेच सिद्ध करते, की अमुक दिवशी अमुक पत्राने अमुक गोष्ट छापली. ती गोष्ट घडली की नाही हा पुढचा प्रश्न होय. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतील २७ गावांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्या हद्दीत होती. २००२ मध्ये ती वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. मार्च २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याची घोषणा विधिमंडळात झाली, जूनमध्ये तशी अधिसूचना निघाली आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. या एकाच वर्षातील बातम्या एकत्र मांडल्यास गावे ‘वगळणार’, ‘वगळली’ व ‘वगळणे रद्द’ अशा तीन अवस्था दिसतात आणि तिन्ही आपापल्या दिवशी खऱ्या असतात. मार्चमधील बातमीचा आधार देऊन गावे वगळली गेली असे लिहिणारा निबंधकार बातमी चुकीची नसतानाही चुकतो. अशा विषयात घोषणेसाठी वृत्तपत्र, हद्दीतील बदलासाठी शासकीय राजपत्र आणि निर्णयासाठी निकालपत्र हाच योग्य आधार होय. ग्रामस्थांची भूमिका, सभा, मोर्चे व कराविषयीच्या तक्रारी यांच्यासाठी मात्र बातमीला पर्याय सहसा नसतो.

प्रसिद्धिपत्रक हे संस्थेचे स्वतःविषयीचे निवेदन होय. जिल्हा माहिती कार्यालय, महानगरपालिकेचा जनसंपर्क विभाग, राजकीय पक्ष व कारखाने अशी पत्रके काढतात. ती वृत्तपत्रांत पुष्कळदा किरकोळ काटछाट होऊन तशीच छापली जातात. ‘कळविण्यात आले आहे’, ‘आवाहन करण्यात आले आहे’ अशी क्रियापदे, बातमीदाराच्या नावाचा अभाव आणि दोन पत्रांतील वाक्ये शब्दशः जुळणे, या खुणांवरून असा मजकूर ओळखू येतो. एकाच पत्रकावरून दोन वृत्तपत्रांनी दिलेल्या बातम्या म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. मूळ पत्रक मिळाल्यास त्याचाच निर्देश करावा आणि निवेदन करणाऱ्या संस्थेचे नाव वाक्यातच द्यावे. केवळ तळटीपेत दिल्याने ते मत लेखकाचेच असल्याचा भास होतो.

मराठी बातमीचे इंग्रजी रूपांतर करताना होणाऱ्या चुका शब्दकोशाच्या कमी आणि वाक्यरचनेच्या अधिक असतात. ‘नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे’ या वाक्यात कोणीही विशिष्ट व्यक्ती बोललेली नाही. इंग्रजीत ‘रहिवाशांनी सांगितले’ अशा अर्थाचे वाक्य केल्यास मुळात नसलेला वक्ता निर्माण होतो. ‘समजते’ किंवा ‘कळते’ यांतील अनिश्चितता भाषांतरात राखली पाहिजे. मराठी पत्रे अधिकाऱ्याचे म्हणणे बहुधा ‘असे आयुक्तांनी सांगितले’ या वळणाने, बातमीदाराच्या शब्दांत देतात; ते इंग्रजीत अवतरणचिन्हांत घातले, तर आयुक्तांच्या तोंडी त्यांचे नसलेले शब्द जातात. ही चूक वाचकास सहसा कळत नाही, म्हणून ती अधिक गंभीर. संज्ञांचेही भान हवे. उपर्युक्त वादाचा गाभाच महानगरपालिकेतून नगरपरिषद वेगळी करण्याचा होता. दोहोंस इंग्रजीत ‘म्युनिसिपालिटी’ म्हटल्यास वादच नाहीसा होतो. पहिलीस ‘म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ व दुसरीस ‘म्युनिसिपल कौन्सिल’ असे लिहावे.

भाषांतरित उतारा अवतरणचिन्हांत देता येतो. मात्र भाषांतर कोणाचे हे सांगितले पाहिजे. स्वतः केले असल्यास तसा उल्लेख एकदा करून मूळ मराठी वाक्य तळटीपेत द्यावे. एखाद्या शब्दावरच युक्तिवाद अवलंबून असेल, तर तो शब्द रोमन लिप्यंतराने संहितेतच द्यावा. भाषांतरावर किती अवलंबून असू शकते, हे १९०८ च्या टिळक खटल्यात दिसले. केसरीतील मराठी लेखांची सरकारी इंग्रजी भाषांतरे ज्यूरीपुढे होती, ज्यूरीत मराठी न जाणणाऱ्यांचे प्राबल्य होते आणि ती भाषांतरे विपर्यस्त आहेत, हा टिळकांच्या बचावाचा एक महत्त्वाचा भाग होता.

याच प्रकारची सरकारी भाषांतरे जुन्या ठाण्याच्या अभ्यासकास आजही लागतात. ठाण्याहून १८६६ मध्ये काशिनाथ विष्णु फडके यांनी अरुणोदय हे साप्ताहिक सुरू केले. अशा पत्रांचे जुने अंक दुर्मिळ आहेत. परंतु मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे आपल्या अधिकाऱ्यांसाठी नियमितपणे तयार करवीत असे आणि हे ‘नेटिव्ह पेपर्स’विषयीचे अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतात. त्यांतील मजकूर अरुणोदयाचा म्हणून थेट उद्धृत करणे योग्य नव्हे. तो गोषवारा आहे, निवड सरकारच्या नजरेने झालेली आहे आणि शब्द भाषांतरकाराचे आहेत. म्हणून पत्राचे नाव व अंकाची तारीख देऊन पुढे ‘अमुक आठवड्याच्या अहवालात उद्धृत’ असे नमूद करावे. जुन्या इंग्रजी लेखनात ठाण्याचे नाव निरनिराळ्या वर्णलेखनाने येते. अवतरणात ते तसेच ठेवून स्वतःच्या संहितेत आजचे रूप वापरावे.

निर्देशाच्या नोंदीत बातमीदाराचे नाव, मथळा, पत्राचे नाव, आवृत्ती, तारीख व पृष्ठ हा क्रम सोयीचा असतो. ‘प्रतिनिधी’ वा ‘वार्ताहर’ हे व्यक्तिनाम नसल्याने तेथे नोंद मथळ्यापासून सुरू करावी. मथळा रोमन लिपीत देऊन त्याचा इंग्रजी अर्थ चौकटी कंसात द्यावा; पत्राच्या नावाचे मात्र भाषांतर करू नये. लोकसत्ता हे लोकसत्ताच राहते. आवृत्तीचा उल्लेख हा उपचार नव्हे : ठाणे पुरवणीतील बातमी त्याच दिवशीच्या पुण्याच्या अंकात नसू शकते आणि पुरवणीची पृष्ठे वेगळी मोजली जातात. तरुण भारत या एकाच नावाची पत्रे नागपूर, बेळगाव अशा निरनिराळ्या ठिकाणांहून स्वतंत्रपणे निघाली असल्याने तेथे गावाचे नाव अनिवार्य ठरते. शिकागो पद्धतीत वृत्तपत्राचा निर्देश बहुधा तळटीपेतच पुरतो, तर एमएलए पद्धतीत तो ग्रंथसूचीतही येतो. संकेतस्थळावरील बातमी मागाहून बदलली जात असल्याने ती पाहिल्याची तारीख नोंदवावी.

तारखेविषयी एक बारकावा राहतो. बातमीच्या आरंभी गावाच्या नावापुढे छापलेली तारीख ही मजकूर लिहिल्याची असून अंकाची तारीख बहुधा तिच्या दुसऱ्या दिवशीची असते. कल्याणहून १२ तारखेस लिहिलेल्या आणि १३ च्या अंकात आलेल्या बातमीतील ‘आज’ म्हणजे १२ व ‘काल’ म्हणजे ११. साप्ताहिकात हे अंतर अनेक दिवसांचे असू शकते. म्हणून घटनेचा दिवस बातमीतील तारखेवरून ठरवावा आणि नोंदीत अंकाची तारीख द्यावी.