कळमन्याच्या संत्र्यांचा एकच तक्ता, तीन वेगळी कामं

आकडे आवडतात, थोडंफार पायथन जमतं, अशी नागपुरातली पदवीधर मुलं भेटली की बहुतेकांच्या बोलण्यात एक शिडी असते. खालच्या पायरीवर डेटा अ‍ॅनालिस्ट, मधे डेटा इंजिनिअर, वर डेटा सायंटिस्ट. ही शिडी खरी नाही. ‘डेटा सायंटिस्ट’ हे पदनाम 2008 च्या सुमारास लिंक्डइन आणि फेसबुकमध्ये रुळलं आणि नंतर त्याभोवती वलय तयार झालं. प्रत्यक्षात तिघांसमोर डेटा एकच असतो, काळज्या मात्र निरनिराळ्या.

कळमना बाजाराचाच तक्ता घ्या. संत्र्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर सरकारी संकेतस्थळांवर मिळतात. समजा, एका दिवशी 100 टन माल आला आणि सर्वसाधारण दर क्विंटलला 3000 रुपये होता. दुसऱ्या दिवशी 10 टनच आला आणि दर 5000 झाला. (हे आकडे उदाहरणापुरते.) दोन दिवसांचा सरासरी भाव किती?

‘अ‍ॅनालिस्ट म्हणजे एक्सेल आणि चार्ट’ हा गैरसमज इथेच तुटतो. दोन दरांची सरळ सरासरी 4000 येते. पण बहुतेक माल 3000 नेच विकला गेलाय. आवकीचं वजन धरलं तर सरासरी 3182 च्या आसपास येते:

```sql
SELECT SUM(dar * aavak) / SUM(aavak)
FROM bajar
WHERE shetmal = 'Orange';
```

क्वेरी तीन ओळींची आहे. कसब आहे ते, विचारणाऱ्याला नेमकं काय ठरवायचंय हे ओळखण्यात. व्यापाऱ्याला एकूण उलाढाल बघायची असेल तर 3182 बरोबर. आपला माल कोणत्या दिवशी न्यावा हे शेतकऱ्याला ठरवायचं असेल, तर एकटी सरासरी निरुपयोगी. त्याला दोन्ही दिवस वेगवेगळे दाखवावे लागतील. हा फरक समोरच्याला समजेल अशा भाषेत सांगता येणं हा अ‍ॅनालिस्टच्या कामाचा मोठा भाग आहे.

दुसरा गैरसमज इंजिनिअरबद्दल: तिथे फक्त कोडिंग, आकड्यांशी संबंध नाही. आता हाच तक्ता रोज रात्री आपोआप गोळा करायचा आहे असं समजा. एका ठिकाणी आवक टनात असते, दुसरीकडे क्विंटलमध्ये. एकक न बदलता दोन्ही एकत्र केले, तर आवक अचानक दहापट झालेली दिसते. आकड्यांची सवय असलेल्यालाच ती उडी खटकते. एखाद्या रात्री काम अर्ध्यावर बंद पडलं आणि पुन्हा चालवलं, तर त्याच नोंदी दोनदा बसतात. म्हणून तारीख, बाजार, शेतमाल आणि वाण मिळून एकच नोंद राहील असा निर्बंध घालावा लागतो. बाजार बंद असलेला दिवस रिकामा ठेवायचा, तिथे शून्य लिहायचं नाही. हे काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. बिघडलं तर वरचे सगळे आकडे चुकतात.

सायंटिस्टबद्दलचा गैरसमज सगळ्यात हट्टी आहे: दिवसभर मॉडेल बनवणं. पुढच्या आठवड्याचा संत्र्यांचा भाव सांगायचा आहे असं धरा. अंबिया बहाराचा माल पावसाळा सरल्यावर येतो, मृग बहाराचा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्हींची चाल वेगळी. नवखा माणूस नोंदी पिसून काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवतो. मग मंगळवारचा भाव ओळखायला सोमवार आणि बुधवार दोन्ही मॉडेलने आधीच पाहिलेले असतात. निकाल उत्तम दिसतो आणि प्रत्यक्षात कोसळतो. तपासणी नेहमी पुढच्या काळावर करायची. शिवाय ‘पुढच्या आठवड्यातही आजचाच भाव राहील’ या साध्या अंदाजाशी तुलना करायची. त्याला हरवता आलं नाही, तर मॉडेल बाजूला ठेवायचं. अनेकदा तेच करावं लागतं. संख्याशास्त्राचा पाया लागतो तो या शिस्तीसाठी, आणि अनेक ठिकाणी या पदाला पदव्युत्तर पदवी मागतात तीही बऱ्याच अंशी त्यामुळेच. नवख्यांसाठी अशा जागा त्यामानाने कमी असतात.

मिहानमधल्या किंवा पुण्यातल्या कंपनीची जाहिरात वाचताना पदनामावर जाऊ नका, कामाची यादी बघा. एसक्यूएल, पॉवर बीआय आणि अहवाल असतील तर काम अ‍ॅनालिस्टचं, वर ‘सायंटिस्ट’ लिहिलेलं असलं तरी. स्पार्क, एअरफ्लो, पाइपलाइन हे शब्द दिसले तर इंजिनिअरचं. प्रयोगांची आखणी आणि अंदाजांची तपासणी असेल तरच सायंटिस्टचं. एसक्यूएल तिन्हीकडे लागतं, म्हणून सुरुवात तिथून केली तर काही वाया जात नाही.

तरीही ठरत नसेल, तर कळमन्याचा वर्षभराचा तक्ता उतरवून घ्या आणि दोन-तीन रविवार त्यात घालवा. दुहेरी नोंदी शोधताना जेवणाची वेळ टळली, की भाव का पडला हे घरच्यांना समजावताना, की अंदाज कुठे चुकला ते तपासताना, याची वहीत नोंद ठेवा.