विमानाचे पंख मागे का झुकलेले?

मागच्या महिन्यात गटाची मीटिंग संपल्यावर एका ताईने विचारलं, "जळगावच्या विमानतळावर पाहिलं त्या विमानाचे पंख सरळ आडवे होते, पट्टीसारखे. मग टीव्हीत दिसतं त्या मोठ्या विमानाचे पंख मागे का वळलेले असतात?" घरी तिने हेच विचारलं तेव्हा सगळे हसले म्हणे. हसण्यासारखं त्यात काही नाही. याच प्रश्नावर एकेकाळी मोठमोठे इंजिनिअर अडले होते. आज त्याचंच उत्तर सांगते.

जळगावला येणारं ते विमान एटीआर जातीचं. त्याला पुढे फिरणारे पंखे असतात आणि ते ताशी साधारण ५०० किलोमीटर जातं. आपल्या जिल्ह्यावरून मुंबई-नागपूर जाणारं एअरबस ए-३२० उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. पंखांतला फरक या वेगामुळे आहे. खरी अडचण येते ती आवाजाच्या वेगाजवळ.

आवाज हवेतून जमिनीजवळ ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर वेगाने जातो. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश इतकी गार असते. गार हवेत आवाज हळू चालतो, म्हणून तिथे त्याचा वेग सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. तुम्ही म्हणाल, ८३० तर १,०६० पेक्षा कितीतरी कमी आहे, मग अडचण कसली? पण पंखाची वरची बाजू फुगीर असते. त्या फुगवट्यावरून जाताना हवा आणखी जोरात पळते. विमान उचललं जातं तेही हवेच्या या पळण्यामुळेच. म्हणजे विमान आवाजापेक्षा हळू जात असलं, तरी त्याच्या पंखावरची हवा आवाजापेक्षा जोरात जाऊ शकते.

तसं झालं की काय होतं, ते घरीच बघा. परात पालथी घालून तिच्या सपाट बुडावर नळाची बारीक धार सोडा. धार पडते तिथून पाणी पातळ होऊन चहूकडे जोरात पळतं, आणि थोड्या अंतरावर एकदम जाड होऊन त्याचं कडं तयार होतं. कड्याच्या बाहेर पाणी हळू चालतं. तिथे बोट टेकवलं तर लाटा उलट्या, धारेच्या दिशेनेही जातात. आतल्या पळत्या पाण्यात बोट टेकवा. लाट मागेच वाहून जाते, धारेकडे सरकतच नाही. पाणी लाटेपेक्षा जोरात पळतंय, म्हणून पुढची खबर मागून येणाऱ्या पाण्याला मिळत नाही. मग ते हळूहळू थांबत नाही, एका जागी एकदम तुंबतं.

पंखावरही तेच घडतं. हवेत खबर पोचवते ती आवाजाच्या वेगाने जाणारी दाबाची लाट. त्याहून जोरात पळणारी हवा पंखाच्या मागच्या भागात आली की तिला एका जागी एकदम मंद व्हावं लागतं. तिथे दाबाची एक पातळ भिंत उभी राहते. तिला शॉक वेव्ह म्हणतात, आपण धक्क्याची लाट म्हणू. या भिंतीतून जाताना हवेची ताकद उष्णतेत वाया जाते, आणि ती भरून काढायला इंजिनाला जास्त इंधन जाळावं लागतं. भिंत जोरदार असेल तर तिच्यामागची हवा पंखाला चिकटून राहत नाही, सुटते. मग पंख थरथरतो आणि ती थरथर आतल्या प्रवाशांनाही जाणवते. आणखी वेग वाढवला तर ही अडवणूक इतकी झपाट्याने वाढते की थोड्याशा वेगासाठी भरमसाट इंधन लागतं.

आता पंख मागे वळवून काय साधतं? शेताचा धुरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही तो सरळ ओलांडला तर दोन पावलांत चढता आणि उतरता. तिरपं गेलात तर तेवढीच उंची चार-पाच पावलांत येते, चढ सौम्य होतो. आणि धुऱ्याच्या माथ्यावरून त्याच्या लांबीने चालत राहिलात तर चढ-उतार काहीच नाही. तिरपं चालणं म्हणजे थोडं धुऱ्याला आडवं आणि थोडं धुऱ्याच्या लांबीने. चढ लागतो तो फक्त आडव्या वाटेत.

मागे झुकलेल्या पंखावर हवा अशीच तिरपी येते. तिच्या वेगाचा एक हिस्सा पंखाला आडवा पडतो, दुसरा पंखाच्या लांबीने नुसता घसरत जातो. फुगवटा आडव्या हिश्शालाच कळतो आणि तो वेग वाढवतो तोही फक्त त्याच हिश्शाचा. ए-३२० चे पंख साधारण २५ अंश मागे आहेत. ८३० वेगातला आडवा हिस्सा येतो सुमारे ७५०. म्हणजे धक्क्याच्या लाटेच्या हिशेबात पंखाला विमान ७५० नेच चाललंय असं वाटतं, आणि आपण मात्र ८३० ने पुढे जातो! प्रत्यक्षात फायदा या हिशेबापेक्षा कमी पडतो. पंख विमानाच्या धडाला जोडला आहे तिथे आणि टोकाशी हवेला असं सरळ तिरपं जाता येत नाही. शिवाय लाट नाहीशी होत नाही, फक्त उशिरा आणि सौम्य येते. म्हणून या विमानालाही वेगाची हद्द असते, आवाजाच्या वेगाच्या ८२ टक्के. ती ओलांडली की पायलटच्या खोलीत इशारा वाजतो.

ही कल्पना अडॉल्फ बुझेमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली रोमच्या परिषदेत मांडली होती. त्या वेळी तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. महायुद्ध संपताना, १९४५ साली, बोइंग कंपनीच्या जॉर्ज शेरर यांनी जर्मनीत त्यावरचे कागद पाहिले, आणि कंपनीने आपल्या नव्या बॉम्बफेकी विमानाचा सरळ पंखांचा आराखडा बदलून ३५ अंश झुकलेले पंख घेतले. तोच झुकाव पुढे बोइंग ७०७ या प्रवासी विमानाला मिळाला. मुंबईच्या एअर इंडियाकडे तोवर सरळ पंखांची, पंखेवाली सुपर कॉन्स्टेलेशन विमानं होती, साधारण एटीआरच्याच वेगाची. १९६० साली तिच्याकडे ७०७ आलं आणि लंडनचा प्रवास ताशी ९०० च्या आसपास होऊ लागला.

मग एटीआरलाही तसेच पंख का नाहीत? कारण झुकावाची किंमत मोजावी लागते. हवेचा आडवा हिस्सा कमी झाला की उचलण्याची ताकदही कमी होते. वर वेग असतो म्हणून ते चालून जातं. पण उतरताना वेग कमी करायचा असतो, म्हणून मोठ्या विमानाला पंखाच्या पुढून आणि मागून पट्ट्या बाहेर काढून पंख रुंद करावा लागतो. शिवाय पंखाला चिकटलेली मंद हवा टोकाकडे सरकत जाते, त्यामुळे टोकाची उचल आधी सुटण्याची भीती असते. तसं झालं तर विमानाचं नाक अचानक वर जातं. हे टाळायला पंख टोकाकडे थोडा पिळून बनवतात. त्याचं वजनही वाढतं. आवाजाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या विमानाने हा खर्च कशाला करायचा?

कधी मोठ्या विमानात पंखाजवळच्या खिडकीत बसलात, आणि ऊन योग्य कोनातून पडत असेल, तर पंखाच्या पाठीवर लांबीने गेलेली एक बारीक, थरथरणारी रेघ दिसू शकते. ती धक्क्याच्या लाटेची सावली. परातीवरचं कडं लक्षात असेल तर ती लगेच ओळखू येईल.