बाणाचा टेकू: धरायचा केव्हा, सोडायचा केव्हा

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. अंतिम फेरीत ओजसने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं आठ सेंटीमीटर रुंद असतं. इतकी अचूकता हवी तर बाणाचं शेपूट धनुष्याला न घासता बाहेर पडलं पाहिजे. ते पडतं की नाही, हे ठरवणारा भाग म्हणजे रेस्ट, बाणाचा टेकू.

रेस्टकडून दोन उलट अपेक्षा असतात. दोरी ओढताना त्याने बाण धरून ठेवायचा आणि बाण सुटल्यावर मागची पिसं येण्याआधी वाट मोकळी करायची. रेस्टचे प्रकार वेगळे झाले ते या पेचातून.

सर्वांत साधी व्यवस्था शेल्फची. लाकडी धनुष्याच्या मुठीवरच्या खाचेत चामडं किंवा केसाळ पट्टी चिकटवतात आणि बाण थेट तिच्यावर ठेवतात. इथे पिसं घासणारच. म्हणून शेल्फवर खरी पिसं वापरतात. ती दबतात आणि लगेच उभी राहतात. प्लास्टिकच्या कडक पट्ट्या मात्र शेल्फवर आपटून बाणाचं शेपूट उडवतात. शेल्फ हलवता येत नाही, त्यामुळे ट्यूनिंग बाकीच्या गोष्टींतून करावं लागतं: बाणाचा ताठरपणा, टोकाचं वजन, दोरी आणि मूठ यांतलं अंतर आणि दोरीवर बाण अडकवण्याची उंची. ही उंची काटकोनापेक्षा साधारण एक सेंटीमीटर वर ठेवून सुरुवात करतात.

व्हिस्कर बिस्किट म्हणजे ब्रशच्या केसांचं गोल कडं. बाण मधल्या भोकात बसतो आणि धनुष्य कसंही वाकवलं तरी पडत नाही. ही सोय मुख्यतः शिकाऱ्यांची. भारतात शिकारीला बंदी असल्याने आपल्याकडे तिचा फायदा नवशिक्याला, कारण ओढताना त्याचा बाण सारखा घसरतो. पण इथे पिसं केसांतून घासतच जातात. थोडा वेग जातो, मऊ पट्ट्या सुरकुततात. त्यामुळे आखूड, ताठ पट्ट्या लावतात आणि एक पट्टी सरळ वर ठेवतात, म्हणजे उरलेल्या दोन खालच्या कडक केसांच्या दोन बाजूंनी जातात. खालचे केस झिजले की बाण खाली बसतो आणि नीट लागलेलं धनुष्य हळूहळू बिघडतं.

ड्रॉप-अवे रेस्ट तिसरा मार्ग धरतो: बाण सुटला की स्वतःच खाली पडतो. केबलवर चालणाऱ्या प्रकारात एक बारीक दोरी रेस्टला धनुष्याच्या खाली जाणाऱ्या केबलशी जोडते. ओढताना केबल खाली जाते आणि दोरी रेस्ट उचलते. सोडल्यावर स्प्रिंग त्याला पाडते. यासाठी वेळ मिळतो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. रेस्ट फार लवकर पडला तर बाणाला आधार मिळत नाही, उशिरा पडला तर पिसं त्याच्यावर आदळतात.

चूक ओळखायची कशी? समजा, दोन मीटरवर ताणलेल्या कागदातून बाण मारला आणि टोकाच्या भोकापासून वरच्या बाजूला तीन सेंटीमीटरची चीर पडली. म्हणजे शेपूट वर उडालं. नेहमीचा उपाय रेस्ट किंचित वर घेण्याचा. एक मिलीमीटर वर घेतला, आणखी एक घेतला, तरी चीर तेवढीच. रेस्ट हलवूनही चीर बदलत नसेल तर स्क्रू फिरवणं थांबवावं आणि घासण्याचा संशय घ्यावा. पिसांवर आणि बाणाच्या मागच्या भागावर कोरड्या पावडरचा स्प्रे मारून पुन्हा बाण सोडावा. खालच्या पट्टीवरची पावडर एका रेषेत पुसली गेली असेल तर रेस्ट उशिरा पडतो आहे.

कारण बहुधा दोरीत असतं. ती आखूड असली तर रेस्ट ओढण्याच्या सुरुवातीलाच वर येतो, आणि जो लवकर उठतो तोच सुटताना उशिरा पडतो. दोरी थोडी सैल करून अशी बांधावी की ओढ संपायला दोन-तीन सेंटीमीटर उरले असताना रेस्ट पूर्ण उभा राहील. मग पुन्हा पावडर, पुन्हा बाण. रेष नाहीशी झाली की रेस्ट मूळ उंचीवर आणावा आणि कागदावरचं ट्यूनिंग नव्याने सुरू करावं. आता एका मिलीमीटरचा फरकही चिरेत दिसतो. नवी केबल वापराने ताणली गेली की हीच तपासणी पुन्हा करावी लागते.

धाराशिव, तुळजापूर किंवा कळंबच्या शाळेत कुणी लाकडी धनुष्यावर सुरुवात करत असेल तर शेल्फ आणि खरी पिसं पुरेशी आहेत. कंपाउंड हातात आल्यावर मात्र रेस्ट विकत घेण्याआधी आपल्या बाणाला कोणती पिसं आहेत ते पाहा, आणि ट्यूनिंगची सुरुवात पावडरीच्या चाचणीने करा. पिसं घासत असतील तोवर कागदावरची चीर खरं सांगत नाही.