छायाचित्राच्या पुनर्मुद्रणास अनुज्ञा देताना

एका शिक्षकाने आपल्या गावच्या जुन्या बारवेचे छायाचित्र काढले आणि ते शाळेच्या हस्तलिखितात लावले, असे समजू. ते पाहून शेजारच्या तालुक्यातील शिक्षक स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकेसाठी ते मागतात. बहुधा ‘खुशाल वापरा’ एवढेच उत्तर जाते, आणि पुढे पुस्तिकेत त्याच चित्राखाली ‘सौजन्य : संग्रह’ असे छापलेले आढळते.

अनुज्ञा देणाऱ्याने प्रथम पाहावयाचे ते हे, की ती देण्याचा अधिकार आपला आहे काय. १९५७ च्या प्रतिलिपी-अधिकार अधिनियमानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. सामान्यतः हक्क त्याचाच. परंतु कोणी मोबदला देऊन काढवून घेतले असेल, किंवा नोकरीचे काम म्हणून ते काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क अनुक्रमे काढवून घेणाऱ्याकडे वा मालकाकडे जातो. बारवेचे चित्र शिक्षकाने सुटीत हौसेने काढलेले असल्याने येथे अडचण नाही.

अनुज्ञा लेखी असावी. तीत मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. म्हणून पुढील धर्तीचे पत्र पुरेसे होईल : ‘बारवेचे सदर छायाचित्र आपल्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत, पाचशे प्रतींपर्यंत, एकदा छापण्यास अनुमती आहे. चित्राच्या लगत खाली “छायाचित्र : (पूर्ण नाव), (गाव)” ही ओळ जशीच्या तशी छापावी. चित्र कापू नये. अन्य कोणास वापरावयास देऊ नये. मुद्रणापूर्वी त्या पानाचे मुद्रित पाहावयास पाठवावे.’

यांतील श्रेयाची ओळ मागणाऱ्यावर सोपवू नये. अनुज्ञा देणाऱ्यानेच ती अक्षरशः लिहून द्यावी. ‘सौजन्य’ म्हणजे ज्याने चित्र पुरविले तो, आणि ‘छायाचित्र’ म्हणजे ज्याने ते काढले तो. हा भेद मुद्रणालयात सहज पुसला जातो आणि पाठविणाऱ्याचे नाव कर्त्याच्या जागी येते. स्थळही सांगावेच लागते. पुस्तिकेच्या शेवटी सर्वांची नावे एकत्र दिली, तर कोणते चित्र कोणाचे हे वाचकास कळत नाही. नाव चित्राच्या कोपऱ्यावर छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण पानात बसविताना कडा कापल्या की ते प्रथम जाते.

अनुज्ञेत श्रेयाचा उल्लेख राहून गेला तरी कर्तृत्व सांगण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ अन्वये उरतोच. हक्क दुसऱ्यास दिला तरीही तो जात नाही. मात्र छापून गेलेल्या पाचशे प्रतींवर नाव त्यामुळे उमटत नाही. मुद्रित मागवावयाचे ते यासाठी. त्यात ओळ नसेल तर तत्काळ लेखी कळवावे, आणि प्रती छापून झाल्याच असतील तर प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालण्यास सांगावे.