गोणीगणिक वजन, गाडीभर हिशेब

भाताची कापणी-झोडणी आटोपली की पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांतून भाताच्या गोणी महाडच्या गिरणीकडे उतरू लागतात. गाडी भरली की मुकादम एकच विचारतो, "किती गोण्या झाल्या?" कारकून आकडा सांगतो, त्याला पन्नासने गुणतो आणि गाडी सुटते. गोण्यांचा हा आकडा सहसा बरोबर असतो. गडबड होते ती पन्नासच्या गुणाकारात. ती कशी होते आणि कशी टाळता येते, ते आज पाहू.

प्रथम गाडीत किती माल घालता येतो ते काढायचे. गाडीच्या आर. सी. बुकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन. पुढे दोन आणि मागे चार टायर असलेल्या ट्रकला पूर्वी एकूण 16,200 किलोची मर्यादा होती. पुढच्या आसावर 6,000 आणि मागच्या आसावर 10,200, अशी ती बेरीज होती. 2018 साली केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या आणि अशा ट्रकची बेरीज 18,500 झाली. पण आपल्या गाडीच्या कागदावर जो आकडा आहे तोच आपल्याला लागू, शेजारच्या नव्या गाडीचा नव्हे.

समजा, कागदावर एकूण 16,200 आहे आणि रिकामी गाडी 6,100 आहे. वजाबाकी 10,100 येते. पण हे सगळे मालासाठी नाही. कायद्यात रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. शिवाय ओली ताडपत्री, दोरखंड आणि फळ्या असतात. या सगळ्यांसाठी 250 किलो बाजूला काढले तर मालासाठी 9,850 उरतात. ही झाली आपली हद्द. रिकामी गाडी टाकी भरून आणि सगळे सामान घेऊन एकदा भुईकाट्यावर करून घेतली, तर हा आकडा अंदाजाने धरावा लागत नाही.

आता 9,850 ला 50 ने भागा. बरोबर 197 गोण्या येतात. हिशेब नीटनेटका दिसतो आणि नेमका तिथेच फसवतो. सिमेंटची गोणी कारखान्यात मोजून भरलेली असते. भाताची गोणी मात्र शेतकऱ्याच्या ओटीवर, हाताने दाबून आणि तोंड शिवून तयार होते. कोणी गच्च भरतो, कोणी सैल. ओलसर राहिलेले भात सुक्यापेक्षा जड भरते. त्यात तागाच्या बारदानाचे अर्ध्या किलोहून थोडे जास्त वजन असते. भाताचा दर ठरवताना बारदान वजा करतात, पण ट्रकच्या आसाला भातही वाहावे लागते आणि बारदानही. म्हणून गाडीच्या हिशेबात नेहमी बारदानासकट वजन धरायचे.

तेव्हा उपाय एकच. प्रत्येक गोणी लहान काट्यावर ठेवायची आणि तिचे वजन लिहायचे. दोनशे आकड्यांची बेरीज गाडीजवळ उभे राहून कशी करायची, असे कोणालाही वाटेल. त्यासाठी सोपी रीत आहे. पूर्ण वजन लिहायचे नाही, पन्नासच्या वर किंवा खाली किती, एवढेच लिहायचे. दहा गोण्यांची एक ओळ करायची. एका ओळीत गोण्या अशा आल्या: 52, 49, 55, 51, 48, 56, 53, 50, 54, 57. त्यांचे वर-खाली असे होईल:

+2, −1, +5, +1, −2, +6, +3, 0, +4, +7

हे तोंडी जमते. बेरीज 25. म्हणजे ही ओळ 500 नव्हे, 525 किलोची. ओळीच्या शेवटी तिची बेरीज लिहायची आणि तिच्या पुढच्या रकान्यात आतापर्यंतची एकूण. या दुसऱ्या रकान्यामुळे गाडी भरत असतानाच हद्द किती उरली ते कळते. माल चढवून, दोरी बांधून झाल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

आपल्या गाडीत सतरा ओळी झाल्या आणि एकूण 8,888 आली असे समजू. उरले 962. अठरावी ओळ 521 ची निघाली. एकूण 9,409 झाली आणि 441 उरले. आता पुढची ओळ पूर्ण बसणार नाही हे आधीच दिसते, म्हणून एकेक गोणी वजा करत जायचे. 54, 52, 57, 55, 53, 56, 51 आणि 51 अशा आठ गोण्यांचे 429 झाले. उरले फक्त 12 किलो. नववी गोणी चढवायची नाही. एकूण 188 गोण्या, 9,838 किलो.

गुणाकाराने 197 गोण्या चढल्या असत्या. सरासरी गोणी सव्वाबावन्न किलोच्या वर असल्यामुळे ती गाडी हद्दीबाहेर सुमारे साडेचारशे किलोने गेली असती आणि कोणाच्याही हिशेबाच्या कागदावर ते दिसले नसते.

हिशेब झाल्यावर भरलेली गाडी भुईकाट्यावर न्यावी. भरलेल्यातून रिकामी वजा केली की माल निघतो. दोन्ही वेळा तीच माणसे आणि तेवढेच डिझेल असावे. भुईकाटा दहा-वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, म्हणून तेवढा फरक चालतो. फरक पन्नासच्या आसपास असेल तर बहुधा एखादी गोणी लिहायची राहिली किंवा दोनदा लिहिली गेली. दोन कागदांतला फरक 9 ने नि:शेष भागला जात असेल, तर आकडे उलटे लिहिले गेलेत का ते शोधावे. 45 च्या जागी 54 लिहिले की बरोबर 9 चा फरक पडतो. ही हिशेबनिसांची जुनी खूण आहे.

बेरीज बरोबर आली तरी एक गोष्ट ती सांगत नाही, ती म्हणजे वजन कुठे बसले आहे. सगळी थप्पी मागे लागली तर एकूण वजन हद्दीत असूनही मागचा आस 10,200 च्या वर जाऊ शकतो. जड गोण्या फळीच्या दोन्ही बाजूंना सारख्या आणि आसाच्या पुढेमागे वाटून लावणे हे हमालांच्या हातात आहे. त्यांना आकडा सांगितला पाहिजे.

हे सगळे कोणासाठी? घाटाच्या उतारावर जादा वजन ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. तेव्हा गाडीत मालक नसतो, ड्रायव्हर आणि क्लीनर असतात. पोलादपूरहून आंबेनळीकडचा किंवा कशेडीचा जुना घाट उतरलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. रस्त्यात गाडी अडवली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. तो भररस्त्यात उतरवतो कोण? पुन्हा हमालच.

आणखी एक बाब आपल्या घरांशी थेट जोडलेली आहे. हमालाची मजुरी अनेक ठिकाणी गोणीवर ठरते. ज्याच्या पाठीवर 57 किलो आले, त्यालाही पन्नासचीच गोणी मोजली जाते. महाराष्ट्राचा माथाडी कायदा 1969 चा आहे. पण कायद्याच्या आधारे बोलायचे झाले, तरी हातात पुरावा लागतो. ओळीओळीने लिहिलेला वजनाचा कागद हा तो पुरावा आहे. त्याची एक प्रत ड्रायव्हरकडे आणि एक टोळीच्या मुकादमाकडे असावी. त्यासाठी वही, पेन आणि तोंडी बेरीज येणारा एक मुलगा किंवा मुलगी पुरे. शाळेत जाणारी लेकरे आपल्या घरात आहेतच. त्यांना ही वर-खालीची रीत संध्याकाळी शिकवा आणि पुढची गाडी भरताना पाटी त्यांच्या हातात द्या.