आजीचा हात का पडला?

ॲनिमेशन फिल्ममधली आजी चहाचा कप उचलते, तेव्हा पडद्यामागे किमान दोन फाइली काम करत असतात. एकीत आजीचं शरीर आणि ते हलवणारा सांगाडा असतो. त्याला रिग म्हणतात. दुसरीत त्या शॉटमधली हालचाल असते. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे बरेच स्टुडिओ शॉटच्या फाइलीत अख्खी आजी ठेवत नाहीत. तिथे फक्त रिगच्या फाइलीचा पत्ता असतो. कळसूत्री बाहुली एका पेटीत आणि कोणती दोरी कधी ओढायची याची नोंद दुसऱ्या वहीत, अशी ही विभागणी.

सहा-सात जणांच्या स्टुडिओत फाइलींच्या नावांबद्दल टिपण लिहायचं, तर सुरुवात या पत्त्यापासूनच व्हायला हवी. एरवी अशा टिपणांचा सगळा भर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असली नावं बंद करण्यावर असतो. ती बंद व्हावीतच, पण खरं नुकसान दुसरीकडे होतं.

समजा, आजीचे अकरा शॉट पूर्ण झाले आहेत. रिगर डाव्या हाताच्या नियंत्रक हाडाचं `hand_ik.L` हे नाव बदलून `ik_hand.L` करतो. त्याच्या फाइलीत काहीच बिघडत नाही, कारण ब्लेंडर त्याच फाइलीतल्या हालचालींमध्ये नवं नाव आपोआप भरतं. शॉटच्या फाइली मात्र त्या वेळी बंद असतात. हालचालीची नोंद हाडाच्या नावाने होत असल्यामुळे त्या अजून जुनंच हाड शोधत राहतात. दुसऱ्या दिवशी शॉट उघडला, की कप हवेत आणि आजीचा हात मूळ स्थितीत. पडद्यावर कुठलीही ठळक सूचना येत नाही. हालचालींच्या यादीत त्या नोंदींखाली लाल रेघ दिसते, तीही यादी उघडून पाहिली तर.

म्हणून टिपणात रिगसाठी दोन वेगळे आकडे हवेत. एक रिगरच्या रोजच्या कामाचा, दुसरा इतरांना वापरायला दिलेल्या फाइलीचा.

```
work/chr_aaji_rig_r01_w014.blend
publish/chr_aaji_rig_r01.blend
```

`w` चा आकडा रोज वाढला तरी हरकत नाही, शॉट त्या फाइलीला जोडलेलेच नसतात. कोपराजवळची कातडी विचित्र दुमडत होती, ती रिगरने सुधारली, तर `publish` मधली फाइल त्याच नावाने बदलायची. अकराही शॉटना सुधारणा आपोआप मिळते. `r` चा आकडा मात्र एकाच प्रश्नावर ठरतो: जुनी हालचाल या रिगवर जशीच्या तशी चालेल का? हाडाचं नाव बदललं, हाड काढलं, त्याची दिशा फिरवली, तर उत्तर ‘नाही’. मग `r02` ही नवी फाइल. झालेले शॉट `r01` वरच राहतात, नवे `r02` वर सुरू होतात.

यातली हाडाची दिशा सगळ्यात फसवी. नाव तेच, त्यामुळे लाल रेघही नाही. पण फिरण्याचे आकडे हाडाच्या मूळ अक्षांवरून मोजले जात असल्याने मनगट भलतीकडे वळतं. नावांचा कोणताही नियम ही चूक पकडू शकत नाही. त्यासाठी आजी चालते, बसते, दोन्ही हात वर करते अशी एक ठरलेली चाचणी-क्लिप ठेवावी आणि रिग `publish` मध्ये टाकण्याआधी ती नव्या रिगवर चालवून डोळ्यांनी पाहावी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि टिपणातली ही ओळ कुणी गाळू नये.

क्लिपचं नाव आधी पात्र, मग कृती, मग छटा आणि शेवटी आवृत्ती अशा क्रमाने लिहावं: `aaji_walk_tired_v003`. त्यामुळे यादीत आजीच्या सगळ्या चाली एकत्र येतात. आकडा तीन अंकी, कारण नुसत्या अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत `v10` हे `v2` च्या आधी जातं. शॉटचे क्रमांक दहादहाच्या फरकाने द्यावेत. `sh0040` आणि `sh0050` यांच्यामध्ये दिग्दर्शकाला नवा शॉट सुचला, तर `sh0045` ला जागा असते.

सगळी नावं छोट्या रोमन अक्षरांत असावीत. विंडोज `Aaji` आणि `aaji` यांत सहसा फरक करत नाही, लिनक्स करतं. ॲनिमेटरच्या मशीनवर व्यवस्थित दिसलेली आजी लिनक्सवर रेंडर करताना गायब होते, ती यामुळे. देवनागरीत नावं द्यायचा मोह रास्त आहे. पण ब्लेंडरच्या ४.x पर्यंतच्या आवृत्त्यांत क्लिपच्या नावाला ६३ बाइट्सचीच जागा मिळते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. काना-मात्रा धरून एकवीस चिन्हांत नाव संपतं.

नियम ठरले, तरी चालू फिल्मच्या जुन्या फाइलींना ते लगेच लावू नयेत. फोल्डरमध्ये जाऊन रिगच्या फाइलीचं नाव बदललं, की तिला जोडलेल्या प्रत्येक शॉटमधला पत्ता चुकतो आणि एकेक शॉट उघडून तो दुरुस्त करावा लागतो. त्या अकरा शॉटना जुन्याच नावांनी पूर्ण होऊ द्यावं; नवे नियम पुढच्या पात्राच्या पहिल्या फाइलीपासून लागू करावेत.