वीस झोके, पाच वेळा

शाळेत साध्या लंबकाचा प्रयोग केलेल्यांना निरीक्षण तक्त्यातला एक रकाना आठवत असेल: वीस दोलनांना लागलेला वेळ. त्याखाली पाच वाचनं आणि शेवटी सरासरी. पहिलं वाचन मनापासून घ्यायचं आणि उरलेली चार त्याच्या आसपासची लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार मी अनेक प्रयोगवह्यांत पाहिला आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण प्रयोगातली खरी माहिती त्या न घेतलेल्या चार वाचनांत असते.

दोऱ्याच्या टांगलेल्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर एक मीटर ठेवली, तर गोळा एकदा जाऊन परत यायला दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण ते दाबणारं बोट तेवढं अचूक नसतं. गोळा खुणेवरून जाताना दिसणं आणि बटण दाबलं जाणं यांत थोडा वेळ जातोच. हा उशीर दर वेळी सारखा असता तर बिघडलं नसतं. सुरुवातीचा आणि शेवटचा उशीर एकमेकांना छेदून गेला असता. पण तो कधी कमी, कधी जास्त होतो. या अनियमित चुकीला यादृच्छिक त्रुटी म्हणतात. ती साधारण एक दशांश सेकंदाची धरू.

एकच झोका मोजला, तर दोन सेकंदांत एक दशांशाची चूक, म्हणजे पाच टक्के. वीस झोके सलग मोजले, तरी बटण दोनदाच दाबायचं असतं. चूक तेवढीच राहते, पण ती वीस झोक्यांत वाटली जाते आणि एका झोक्याच्या वाट्याला ०.००५ सेकंद येते. याउलट एकेक झोका वीसदा सुटा मोजून सरासरी काढली, तर चूक वीसपट नव्हे, जेमतेम साडेचारपट कमी होते. उशिरा आणि लवकर दाबलेली बटणं एकमेकांना भरून काढतात, पण पूर्णपणे नाही. चूक वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. सुट्या झोक्यांनी वीसपट अचूकता हवी असेल, तर चारशे वाचनं घ्यावी लागतील! म्हणून आधी सलग वीस झोके आणि मग त्याची पाच वाचनं.

समजा, एका गटाला ४०.३१, ४०.०२, ४०.२५, ४०.०९ आणि ४०.१८ सेकंद अशी वाचनं मिळाली. सरासरी ४०.१७. प्रत्येक वाचन सरासरीपासून साधारण ०.१२ सेकंद इकडेतिकडे आहे. पाचाचं वर्गमूळ सुमारे २.२४, म्हणून सरासरीतली अनिश्चितता ०.०५ सेकंदाच्या आसपास. वीसने भागलं की दोलनकाल २.००९ सेकंद येतो, ०.००३ कमी किंवा जास्त. सूत्रात घालून गुरुत्व त्वरण ९.७९ मिळतं आणि मुंबईतलं खरं मूल्यही तेवढंच आहे. वाचनांमधला हा फरक खोडून सगळीकडे ४०.१७ लिहिलं असतं, तर आपला आकडा किती भरवशाचा आहे हे सांगायला काहीच उरलं नसतं.

हात थोडा आवरता यावा म्हणून एक उपाय करावा. गोळा टोकाला असताना नव्हे, तर सर्वांत खालच्या बिंदूवरून जाताना घड्याळ सुरू आणि बंद करावं. टोकाशी तो रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. खाली तो सर्वांत वेगात असतो. टेबलावर खडूची उभी रेघ पुरते.

पाचांपैकी एक वाचन ४२.१९ आलं तर? ते सरासरीत मिसळू नये. फरक जवळजवळ एका झोक्याएवढा आहे, म्हणजे मोजणीत एक झोका सुटला. वहीत ते तसंच ठेवावं, बाजूला कारण लिहावं आणि वाचन पुन्हा घ्यावं.

मात्र एक चूक सरासरीला अजिबात दाद देत नाही. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायचं असतं. बरीच मुलं ‘एक’ म्हणतात. मग वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. पाचही वाचनं ३८.१६ च्या आसपास येतात, एकमेकांशी छान जुळतात आणि गुरुत्व त्वरण निघतं १०.८४. अशा वेळी आणखी पन्नास वाचनं घेऊनही आकडा तिथेच राहतो. ही चूक पकडायची तर मोजणाऱ्याशेजारी दुसऱ्याने उभं राहून झोके स्वतंत्रपणे मोजावेत, किंवा लांबी बदलून पाहावी: दोलनकालाचा वर्ग लांबीच्या प्रमाणातच वाढतो, पण भागिले लांबी केल्यावर येणारा आकडा प्रत्येक वेळी एकाच टक्केवारीने कमी भरतो आणि गुरुत्व त्वरण दर वेळी १०.८ च्या आसपासच येतं. तिथे संशय घड्याळावर नव्हे, तोंडाने म्हटलेल्या त्या पहिल्या आकड्यावर घ्यायचा.